मागाच्या रिकाम्या खोलीत धिंगरी अळिंबी: ऑक्टोबर ते मार्चचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं जुनं घर आहे. सासऱ्यांनी माग विकला, तेव्हापासून तळमजल्यावरची बारा बाय पंधराची खोली रिकामी पडून होती. भिंती जाड, वर दुसरा मजला, त्यामुळे उन्हाचा थेट मारा नाही. छताला मागाच्या वेळचे लोखंडी चॅनल होतेच, पिशव्या टांगायची सोय झाली. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, निवडली कारण बटण मशरूमला कंपोस्ट लागतं आणि थंडी लागते, सोळा-अठरा अंश. ते एसीशिवाय इथे शक्य नाही. धिंगरीला वीस ते अठ्ठावीस अंश चालतात.

उभारणीला 6,200 रुपये गेले. निम्म्याहून जास्त पैसे तीन गोष्टींवर: एक्झॉस्ट फॅन, फवारणीचा पंप, आणि खिडकी-दाराला लावलेली बारीक जाळी. बाकी जुनं 200 लिटरचं पिंप, नायलॉन दोरी, गोणपाट, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. भिंतींच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा कापसाचा तुसा चिकटलेला होता. तो खरवडून चुना मारायला दोन दिवस गेले, पण तो तुसा राहिला असता तर बुरशीला आयतं घर मिळालं असतं.

पहिल्यांदा मी एका रविवारी 40 पिशव्या भरल्या. हीच माझी सगळ्यात मोठी चूक, पण ती कळायला महिना लागला.

काड सोयाबीनचं घेतलं. कडबा इथे भरपूर, पण तो जनावरांचा चारा, भाव चढा, शिवाय बारीक कुट्टी करावी लागते. सोयाबीनचं काड स्वस्त, फक्त त्याची टोकं पिशवीला आतून भोकं पाडतात, म्हणून पिशवी भरताना दाबायचं ते तळव्याने, मुठीने नाही. रात्रभर भिजवलेलं काड पिंपात गरम पाण्यात 80 अंशांवर तासभर ठेवायचं, निथळायचं, गार करायचं. काहीजण त्याऐवजी फॉर्मेलिन-बाविस्टिन या रसायनांच्या पाण्यात बुडवतात. राहत्या घरात फॉर्मेलिनची पिंपं उघडायची माझी तरी तयारी नाही, त्याच्या वासानेच डोळ्यांतून पाणी येतं.

एका पिशवीत एक किलो कोरडं काड, म्हणजे ओलं झाल्यावर साधारण तीन किलो. त्यात 100 ग्रॅम स्पॉन, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, थरावर थर देऊन, जास्त करून कडेने. तोंड बांधायचं, टाचणीने भोकं पाडायची, पंधरा-अठरा दिवस अंधारात. स्पॉनसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला अळिंबी प्रकल्प विश्वासाचा आहे. कुठूनही घेतलात तरी पिशवी उघडण्याआधी दाणे बघा: पांढरे, एकमेकांना धरलेले हवेत. हिरवा ठिपका किंवा आंबट वास असला तर परत करा.

चाळिसातल्या नऊ पिशव्या गेल्या. आधी पांढरंच दिसतं, त्यामुळे आपण खूश असतो. दहाव्या-बाराव्या दिवशी तेच पांढरं पोपटी व्हायला लागतं, मग गडद हिरवं. ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. कारण माझंच: काड नीट निथळलं नव्हतं आणि गार करायला उघड्या फरशीवर पसरलं होतं. आता मूठभर काड घट्ट पिळते. तळहात ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. हिरवी पिशवी खोलीत उघडायची नाही, तशीच बाहेर न्यायची, नाहीतर बुरशीचे कण शेजारच्या पिशव्यांवर बसतात. नंतरच्या सगळ्या खेपांत मिळून चारच पिशव्या वाया गेल्या.

उरलेल्या एकतीस पिशव्यांचं प्लास्टिक एकाच दिवशी काढलं, आणि सगळ्यांना एकदमच फुलं आली. चार दिवसांत साडेआठ किलो! बघायला सुंदर. पण ही अळिंबी सोलापुरी हवेत दिवसभरात मलूल होते. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, तेही भोकं पाडलेल्या पिशवीत आणि पाणी न लागता. मी तोडायच्या आधी पाणी फवारलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाकिटांत पाणी सुटलं, कडा पिवळ्या पडल्या, वास यायला लागला. साडेतीन किलो विकली, एक किलो वाटली, दोन किलो वाळवली, दोन किलो उकिरड्यावर.

लक्ष्मी मंडईतल्या एका मावशींनी पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "ही कुत्र्याची छत्री का ओ ताई? फुलं फाटकी दिसतात." लोकांना मशरूम म्हणजे बटण माहीत. मावशी ठेवायला तयार होत्या, पण उरलं तर परत या बोलीवर. हॉटेलवाले आणि चायनीजच्या गाड्यांनाही बटणच हवं. माझं गिऱ्हाईक शेवटी दुसरीकडे निघालं: जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या अपार्टमेंटमधली तीसेक घरं. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मागणी, सकाळी तोडणी, दहाच्या आत पोचवणं. 200 ग्रॅमचं पाकीट 40 रुपयांना. पहिल्या पाकिटाबरोबर तोंडी सांगते, कांदा-लसणात परतून काळ्या मसाल्यात करा, पाणी घालू नका. निम्मी घरं पुन्हा मागवतात.

ही घरं आठवड्याला साडेचार किलो घेतात, त्याहून जास्त नाही. म्हणून हिशेब उलटा केला. एका पिशवीतून तीन तोडण्यांत मिळून 500 ते 600 ग्रॅम निघतं, निम्मं पहिल्या तोडणीत, पुढच्या दोन आठ-दहा दिवसांच्या अंतराने. म्हणजे दर रविवारी फक्त आठ पिशव्या भरायच्या. जुन्या पिशव्यांची तिसरी तोडणी आणि नव्यांची पहिली अशी गाठ पडत राहते, आणि रोज थोडं थोडं निघतं. पिशवीमागे काड, स्पॉन, प्लास्टिक, गॅस धरून 33 रुपये. आठवड्याला विक्री 880, भरणीचा खर्च 264, पाकिटं आणि पेट्रोल शंभरेक. हातात 500 च्या आसपास, महिन्याला दोन हजार. घरबसल्या महिना चाळीस हजार म्हणणारे व्हिडिओ बघून मीही सुरुवात केली होती, असो.

तोडणीची वेळ सासूबाईंच्या खोकल्यावरून शिकले. फुलाची कड खाली वळलेली असतानाच तोडायचं. कड सपाट होऊन वर वळली की बीजाणू झडतात, सकाळी खालच्या पिशव्यांवर पांढरी पावडर दिसते, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्रास होतो. आता मी मास्क लावूनच आत जाते आणि त्याआधी पंधरा मिनिटं फॅन चालवते. फॅन कमी चालला तर तेही फुलं सांगतात: देठ लांब, टोपी बटणाएवढी.

फेब्रुवारी संपता संपता खोलीत 32 अंश आणि आर्द्रता 35 टक्के दिसायला लागली. हवी 80 च्या वर. टाचणीएवढी फुलं आली आणि तशीच तपकिरी होऊन वाळली. कूलर लावला. कोरड्या हवेत तो काम छान करतो, खोली 28 पर्यंत आली. पण तो दिवसाला शंभर लिटर पाणी पितो आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. बारा दिवसांनी बंद केला.

उरलेला माल गच्चीवर वाळवला. दहा किलोचा एक किलो होतो, दोन दिवसांत. मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. वाकली तर पुन्हा उन्हात, नाहीतर डब्यात किडे होतात. 50 ग्रॅमची पाकिटं 60 रुपयांना जातात, म्हणजे किलोला 1,200. ओल्या मालाचे 2,000 झाले असते, म्हणून मुद्दाम वाळवत नाही, उरलं तरच.

सध्या खोलीला कुलूप आहे. पिशव्यांचं जुनं काड शेजारच्यांच्या गुलाबांना गेलं. मृगाच्या पावसानंतर हवा ओलसर झाली की पुन्हा आठ पिशव्या भरेन, आणि त्याआधी एकदा चुना मारायचा आहे.