सूत्रसंचालन: लिहिलेली फाईल की हातातली कार्डं?

डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या बेळगाव सीमाभागात रविवार मोकळा मिळत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतली साहित्य संमेलनं असतात. त्यांच्या मागेपुढे वाचनालयांचे वर्धापनदिन, शाळांची गॅदरिंग, सोसायट्यांचे सत्कार समारंभ. मोठ्या संमेलनाला सरावलेले निवेदक मिळतात. बाकी ठिकाणी "तुमचा आवाज बरा आहे की" एवढ्या भांडवलावर कुणाला तरी माईकपाशी उभं करतात. मीही तसाच उभा राहिलो आणि मग सुटका झाली नाही.

नव्यानं उभं राहणारे मला एकच विचारतात: सगळं लिहून न्यायचं की कार्डांवर भागवायचं? मी दोन्ही केलंय. पहिली काही वर्षं फाईल, आता कार्डं. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण फाईलवाल्यांचीही बाजू आहे, ती आधी सांगतो.

फाईलमुळे झोप लागते. आदल्या रात्री स्वागतापासून आभारापर्यंत प्रत्येक वाक्य कागदावर असलं की पोटातला गोळा निम्मा होतो. शब्द मोजता येतात. मी फोनवर वेळ लावून वाचून बघितलंय, व्यासपीठावरच्या संथ लयीत माझे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. म्हणजे पाहुण्यांचा परिचय एका मिनिटात बसवायचा तर शंभर शब्दांवर थांबावं लागतं, हे कागद आधीच सांगतो. शोकसभा असेल, मानपत्र वाचायचं असेल किंवा व्यासपीठावर मानापमानाची नाजूक माणसं असतील, तर मी आजही पूर्ण लिहूनच नेतो. अशा ठिकाणी एक विशेषण इकडचं तिकडे झालं तर वर्षभर ऐकावं लागतं.

मग फाईल सोडली कशासाठी? एका संध्याकाळसाठी.

वेंगुर्ले रोडवरच्या एका गावात वाचनालयाचा वर्धापनदिन होता. वेळ साडेपाचची, वक्ते कोल्हापूरचे. माझ्याकडे अकरा पानांची स्टेपल केलेली संहिता. सव्वापाचला कार्यवाह कानाशी आले, "पाहुणे संकेश्वरात पोचल्यात म्हणे. तुम्ही सुरू करा की." आपल्याकडे 'निपाणी सोडली' म्हणजे दीड तास आणि 'संकेश्वर' म्हणजे किमान तास, हे ज्याला त्याला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे तेही अडलं. मी म्हटलं, मुलांचा गुणगौरव आधी घेऊ. सहावं पान उघडलं आणि आत्मविश्वासानं वाचलं, "आत्ताच आपण सरांचे विचार ऐकले. तेच विचार पुढे नेणारी ही मुलं..."

पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "कुठले सर वो? अजून कुठं आल्यात?"

मुलं हसली, मीही हसलो. पण त्यानंतर प्रत्येक पानाचं पहिलं वाक्य खोटं निघत गेलं. 'दिव्याच्या या मंगल प्रकाशात' म्हणालो तेव्हा समई कोरडीच होती. लिहिलेल्या निवेदनात एका कार्यक्रमातून दुसऱ्यात नेणारी ही सांध्याची वाक्यं आपल्याला फार आवडतात. रात्री बारा वाजता ती सुचतातही छान. पण सांधा क्रमावर उभा असतो, आणि छोट्या कार्यक्रमात क्रम टिकत नाही. पाहुणे पोचल्यावर मी घाईनं मागं-पुढं पानं उलटताना दोन पानं एकदम उलटली आणि अध्यक्षांचा सत्कार राहिला. त्यांची शाल आभारानंतर पिशवीत सापडली. अध्यक्ष काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग कुणीतरी पाठवलं. मी स्वतः किती बोललो ते घड्याळ लावून बघितलं: सव्वादोन तासांत सव्वीस मिनिटं. वक्त्याला आम्ही पस्तीस मिनिटं दिली होती आणि शेवटच्या बसची वेळ झाल्यामुळे पंचविसाव्या मिनिटाला लोक उठायला लागले. त्यांची दहा मिनिटं माझ्या सांध्यांनी खाल्ली होती, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम मी कार्डांवर केला. कार्ड म्हणजे काही विशेष नाही, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू पोस्टकार्डाएवढी कापून घेतो. कागद जाड असतो, त्यामुळे माईकजवळ साध्या पानासारखी फडफड होत नाही आणि हात थरथरला तरी दिसत नाही. एक बाब, एक कार्ड. वर बाबीचं नाव, कोपऱ्यात पेन्सिलीनं मिनिटं. मध्ये पूर्ण वाक्यं नाहीत, तीन-चार मुद्दे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे आधीच्या किंवा पुढच्या बाबीचा उल्लेख कुठल्याच कार्डावर नाही. सांधा जोडायचा तो जागेवर, समोर जे घडलं त्यावरून. एखादी मुलगी छान गायली तर तिच्याबद्दल एक वाक्य, नाहीतर सरळ पुढचं नाव. तो साधाच असतो, पण खोटा निघत नाही.

वक्त्याच्या कार्डावर मी तीनच गोष्टी ठेवतो: माणूस कोण, आजच्या विषयाशी त्याचा संबंध काय, आणि इथल्या श्रोत्यांनी त्याला का ऐकावं. पदव्यांची यादी पत्रिकेत छापलेली असते. नाव मात्र सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या आधी वाजतात, वक्ता अर्धवट उठतो, आणि आपण त्याला उभा ठेवून डॉक्टरेटचा विषय सांगत बसतो.

कार्डांच्या कडेला दोन रंग. लाल म्हणजे आपसातला क्रम हलणार नाही, निळं म्हणजे कुठेही चालेल. वाचनालयाच्या कार्यक्रमात लाल कार्डं निम्मीच निघाली: दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, व्याख्यान, अध्यक्षीय, आभार. स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवाल, गुणगौरव, एका जुन्या वाचकाचं मनोगत, ही सगळी निळी.

आणि काय सांगावं, त्याही वर्षी पाहुणे उशिरा. वेगळे पाहुणे, रस्ता तोच. साडेपाचला मी निळा गठ्ठा वर घेतला. अध्यक्षांना कानात सांगितलं की दिवा मागाहून लावू, आणि लोकांनाही तेच सांगितलं, "पाहुणे वाटेत आहेत, तासाभरात पोचतील, तोवर आपल्या घरचं उरकून घेऊ." गीत, प्रास्ताविक, अहवाल यांत सहा वाजले. गुणगौरवाला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक आईला फोटो हवा होता. मनोगत सात मिनिटं. सहा सत्तावीसला निळी कार्डं संपली आणि पाहुण्यांचा पत्ता नाही.

आता खरी पोकळी आली. फाईलच्या दिवसांत मी इथे चारोळ्या काढायचो. चारोळी अर्ध्या मिनिटात संपते, दुसरीला लोक फोन काढतात, तिसरीला आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतो. पोकळी बोलून भरत नाही, काम काढून भरते. माझ्याकडे दोन जादा कार्डं होती. एकावर लिहिलं होतं, 'ग्रंथपालांना विचारणे: यंदा सगळ्यात जास्त वेळा घरी गेलेलं पुस्तक कोणतं?' ग्रंथपाल बसल्या जागेवरूनच बोलल्या, मी माईक त्यांच्याकडे नेला, आणि मग ते पुस्तक कुणाकुणाकडे किती दिवस अडकलं यावरून सभागृहात जी खडाजंगी झाली तिला दहा मिनिटं पुरली नाहीत. दुसरं कार्ड लागलंच नाही. सहा चाळीसला पाहुणे आत आले, पाच मिनिटांत दिवा, पाच मिनिटांत सत्कार. अध्यक्षांचाही, आठवणीनं. सहा पन्नासला व्याख्यान.

वेळ पाळण्याबाबतही कार्ड मला सोयीचं वाटतं, पण तो सवयीचा भाग असेल. व्याख्यानाआधी वक्त्याला हळूच विचारतो, "आठवण किती मिनिटं आधी करू?" वेळ पाळा म्हटलं तर राग येतो, आठवण करू का म्हटलं तर बहुतेक जण स्वतःच पाच म्हणतात. मग 'राहिली ५ मिनिटं' असं जाड अक्षरात लिहिलेलं कार्ड पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवून यायचं. कुजबुज नाही, चिठ्ठीची घडी उलगडणं नाही. त्या दिवशी व्याख्यान सात पंचविसला थांबलं. अध्यक्ष आठ मिनिटं बोलले, आभार चार मिनिटं. शेवटची बस पावणेआठची होती आणि सगळ्यांना मिळाली. त्या वेळी माझं स्वतःचं बोलणं बारा मिनिटांच्या आसपास भरलं.

कार्डांचे तोटे आहेत. एकदा वाऱ्यानं गठ्ठा उडून मंडपभर झाला, तेव्हापासून रबर बँड मनगटावर असतो. आणि ज्याला दोन वाक्यं जागेवर जुळवणं अजिबात जमत नाही, त्याला कोरी जागा भीती घालते. त्यानं फाईल न्यावी, फक्त प्रत्येक बाब वेगळ्या पानावर लिहावी आणि स्टेपलर घरी ठेवावा. निम्मं दुखणं तिथेच जातं.

कन्नडचा प्रश्न मात्र मी मधला मार्ग काढून सोडवलाय. आपल्याकडे व्यासपीठावर एखादे कन्नड पाहुणे असतातच, आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलावलं की सभागृह सैल होतं. माझं कन्नड बाजारापुरतं. तिथे जागेवर जुळवायला गेलो तर क्रियापद भलतीकडेच जातं. म्हणून त्या एका कार्डावर पूर्ण वाक्य देवनागरीत लिहितो: 'एल्लरिगू नमस्कार', पुढे नाव, त्याला आदराचं 'अवरु', आणि 'मातनाडबेकेंदु विनंतिसुत्तेने', म्हणजे बोलावं अशी विनंती. नाव पत्रिकेवरून उतरवत नाही, पाहुण्यांना विचारून त्यांच्यासमोर लिहितो. आपण सवयीनं 'बसाप्पा' म्हणतो, ते स्वतः 'बसप्पा' म्हणतात. आद्याक्षरांत तर बहुधा गाव आणि वडिलांचं नाव असतं, त्यामुळे ती अंदाजानं उलगडून वाचायला जाऊ नये.

आभाराचं कार्ड मी सगळ्यात शेवटी, कार्यक्रम चालू असताना भरतो. माईकवाला, खुर्च्या लावणारी पोरं, समईत तेल घालणारी बाई, यांची नावं आदल्या रात्री कुठल्याच फाईलला माहीत नसतात.