जुन्या वहीतली पाककृती: कोष्टक, भांडं की प्रमाण?

नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या वहीच्या पानाचा फोटो टाकतं आणि खाली प्रश्न येतो, ‘याचे ग्रॅम किती?’ उत्तर काढायच्या तीन वाटा आहेत: कोष्टकाने रूपांतर करणं, घरातलं जुनं भांडं मोजणं किंवा नुसतं प्रमाण काढणं. कुठली धरायची हे वहीत कुठली मापं आहेत त्यावर ठरतं.

त्याआधी फोटोचं बघा. चॅटवर पाठवलेला फोटो दाबला जातो आणि सगळ्यात आधी बारीक रेघा जातात. इथे तर सगळी मापं रेघांतच असतात, म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. पेन्सिलीचं लिखाण असेल तर फ्लॅश बंद करून, एका बाजूने तिरका उजेड पाडून काढायला सांगा, म्हणजे कागदावर उमटलेला दाबही दिसतो.

आता एक नमुना घेऊ. पानावर असं आहे: पीठ ऽ॥, तूप ऽ।, साखर ऽ।=, वेलची ॥ रुपयाभार.

सुरुवातीचा ऽ हा आकडा नाही. शेरांचं वजन लिहिताना तो रेघांच्या आधी लावत, पण घाईच्या अक्षरात तो हमखास ५ किंवा ८ वाटतो. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडवी एक रेघ म्हणजे छटाक, दोन म्हणजे अदपाव. म्हणजे पीठ अर्धा शेर, तूप पावशेर, आणि साखर पावशेर अधिक अदपाव, अर्थात दीड पाव. कागदाची घडीही फोटोत उभ्या रेघेसारखी दिसते. शंका आली तर ती रेघ वरच्या-खालच्या ओळींतही तशीच उतरली आहे का ते पाहा. उतरली असेल तर ती घडी.

कोष्टक. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचे १६ छटाक, एक छटाक साधारण ५८ ग्रॅम. या हिशेबाने पीठ ४६६, तूप २३३, साखर ३५० ग्रॅम. रुपयाभार म्हणजे रुपयाची वेलची नव्हे. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, म्हणून वेलची सहा ग्रॅमच्या आत. कोष्टक झटपट आहे, पण शेर सगळीकडे ८० तोळ्यांचा नव्हता. मुंबईचा जुना शेर जेमतेम ३१८ ग्रॅम भरतो. तो धरला तर पीठ १६० ग्रॅमच्या आसपास येतं आणि तीच सहा ग्रॅम वेलची त्यात कडू लागेल. तोळा फारसा बदलत नाही, शेर बदलतो, म्हणून अशी एखादी तोळ्यातली ओळ शेर कुठला ते सांगून जाते. या पानावर पक्काच शेर बसतो.

प्रमाण. हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. पीठ आठ छटाक, तूप चार, साखर सहा, म्हणजे ४ : २ : ३. शेर कुठलाही असो, हे बदलत नाही. २०० ग्रॅम पीठ घ्या, १०० तूप, १५० साखर, आणि आधी थोडंसंच करून पाहा. अडचण तेव्हा येते जेव्हा मध्येच ‘दोन वाट्या दूध’ येतं. वाटी त्या शेराच्या हिशेबात बसत नाही, मग शेर ठरवावाच लागतो.

भांडं. वहीत छटाक-तोळ्याऐवजी मापटं, चिपटं, कोळवं असेल तर ती वजनं नव्हेत, भरून मोजायची मापं आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण हा मापी शेर, वजनाचा नव्हे. इथे ग्रॅमचं कोष्टक लावलं की घोटाळा होतो, कारण पीठ हलकं आणि तूप जड. तेच ४ : २ : ३ मापाने घेतलं तर वजनात पीठ तुपापेक्षा थोडंच जास्त भरतं आणि पीठ मळताना हाताला तूप सुटू लागतं. ते माप घरात असेल तर काट्यावर रिकामं ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर, मग २४० मिलिलिटरच्या कपाने भागा. मात्र धान्य शीग लावून, म्हणजे काठावर टोक येईपर्यंत भरून मोजत, आणि पाण्याला शीग लागत नाही. म्हणून त्याच भांड्यात एकदा पीठ सपाट आणि एकदा शिगेसकट भरून दोन्ही वजनं लिहून ठेवा.

वहीत फक्त शेर-छटाक असतील तर प्रमाण पुरे. तोळा किंवा रुपयाभार मिसळला असेल तर कोष्टकाने पडताळा घ्या. मापटं-चिपटं असेल आणि भांडं गेलेलं असेल, तर सगळं एकाच वाटीने मोजा, वजनकाटा काढूच नका.