पोस्टिंग पुन्हा, की दोन आठवड्यांची योजना?

लातूरकडची जीएनएम नर्सिंगची विद्यार्थिनी, वॉर्डातल्या पोस्टिंगवर. पेशंटशी छान बोलते, पण सलाईनचे थेंब चुकतात. ५०० मिली चार तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. ती मायक्रोसेटचे ६० धरून १२५ काढते.

पूर्ण पोस्टिंग परत करायला लावली तर तास भरतात, पण गर्दीच्या वॉर्डात तिचं गणित कुणी बघत नाही. चूक तशीच राहते.

योजनेत ध्येय एकच: सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचून सलग दहा गणितं बिनचूक. सोबत रोज एकच सिस्टर. तोवर एकटीनं ड्रिप लावायची नाही. सातव्या आणि चौदाव्या दिवशी लेखी आढावा, तिच्या सहीसह. मी हीच निवडेन. चौदाव्या दिवशीही चुकलं, तरच पोस्टिंग पुन्हा.