स्कीमचा क्लेम: विक्रीच्या वेळी नोंदवावा की क्रेडिट नोट आल्यावर?

मिक्सर विकणाऱ्या एका दुकानदार ताईंना हा प्रश्न पडला आहे. कंपनीच्या स्कीमप्रमाणे त्या ग्राहकाला ५०० रुपये सूट देतात आणि कंपनी ती नंतर क्रेडिट नोट देऊन भरून देते. खरेदी ४,२००, एरवीची विक्री ५,०००, सूट देऊन ४,५००. मार्चमध्ये ४० नग गेले. जीएसटी बाजूला ठेवू.

नफ्याचं चित्र: क्रेडिट नोटची वाट पाहिली तर मार्चचा नफा १२,००० दिसतो आणि उरलेले २०,००० पुढच्या वर्षात जातात. खर्च या वर्षी, भरपाई पुढच्या वर्षी, हे मला पटत नाही. विक्रीच्या वेळी 'कंपनीकडून क्लेम येणे' नावे आणि खरेदी खर्च जमा केला, की मार्चमध्येच ३२,००० दिसतात.

वसुली: इथे फरक सर्वांत मोठा. समजा कंपनीने ३७ नगच मंजूर केले, कारण तीन बिलांवर सिरीयल नंबर नव्हता. येणे खात्यात १,५०० अडकलेले लगेच दिसतात. बिलं दुरुस्त होत असतील तर पाठपुरावा करा, नाहीतर रक्कम खर्चात टाका. क्रेडिट नोटची वाट पाहिली तर १८,५०० जमा होतात आणि तूट कुणाला कळतही नाही.

मेहनत: विक्रीच्या वेळी नोंदवण्यात जास्त. प्रत्येक स्कीमचं पत्र आणि बिलांची यादी जपावी लागते.

स्कीम लेखी असेल, क्लेम नियमित असतील तर विक्रीच्या वेळीच नोंदवा. सूट फक्त सेल्समनच्या तोंडी शब्दावर दिली असेल, तर क्रेडिट नोट येईपर्यंत थांबा.