नोडल की मेश: आधी समीकरणं मोजा

दोन बॅटऱ्या, एक लोड, तिन्ही शाखा समांतर. पहिली 12 V, तिच्यासोबत 2 Ω. दुसरी 6 V, तिच्यासोबत 3 Ω. लोड 6 Ω. बहुतेक जण सवयीने मेश घेतात, म्हणजे प्रत्येक लूपमधल्या प्रवाहाचं एक समीकरण मांडतात. लूप दोन, म्हणून समीकरणंही दोन. नोडलमध्ये शाखा जिथे जुळतात त्या नोडचं व्होल्टेज शोधतात; खालचा नोड ग्राउंड धरला की अज्ञात एकच उरतं, वरच्या नोडचं V, आणि तिथून बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य:

```
(V-12)/2 + (V-6)/3 + V/6 = 0
```

सहाने गुणलं की 6V = 48, म्हणजे V = 8 व्होल्ट. 6 V च्या शाखेत (6-8)/3, म्हणजे प्रवाह ऋण येतो. इथे चूक झाली असं वाटून अनेक जण पुन्हा गणित मांडतात, पण ती बॅटरी चार्ज होतेय, एवढंच.

अशीच चौथी शाखा जोडली तर मेशची समीकरणं तीन होतात, नोडलचं एकच राहतं. म्हणून आधी मोजा: नोडलला नोड वजा एक, मेशला शाखा वजा नोड अधिक एक. दोन नोडमध्ये आदर्श व्होल्टेज सोर्स थेट असेल तर नोडलचं एक समीकरण घटतं, आणि करंट सोर्स मेशचं एक घटवतो. मात्र तारा एकमेकींवरून गेल्याशिवाय सर्किट कागदावर काढताच येत नसेल, तर मेशचा नाद सोडा.