दोन सेटमधला दम: घड्याळ की नाडी?

पुढचा सेट कधी घ्यायचा हा प्रश्न बायसेप्सला फारसा पडत नाही, स्क्वॉटला पडतो. म्हणून इथे ८ ते १० रेप्सच्या स्क्वॉटपुरतंच बोलतो. घड्याळ लावून आणि नाडी मोजून, दोन्ही प्रकारे मी व्यायाम केला आहे.

घड्याळ सोपं आहे. विश्रांती दर वेळी सारखी असल्यामुळे मागच्या आठवड्याच्या नोंदी या आठवड्याशी ताडून बघता येतात. मिनिटाभरात पुढच्या सेटला उभं राहायची सवय असेल, तर आधी घड्याळच लावा. २०१६ साली व्यायामशास्त्राचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सरावातल्या पुरुषांवर ८ आठवडे प्रयोग केला. त्यात ३ मिनिटं थांबणाऱ्या गटाची स्क्वॉट आणि बेंचमधली ताकद १ मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली.

माझं घड्याळाशी बिनसलं ते शेवटच्या सेटवरून. टायमर २ मिनिटांवर असायचा. पहिल्या दोन सेटनंतर तेवढा वेळ पुरायचा. तिसऱ्यानंतर मात्र बीप वाजायचा तेव्हा धाप तशीच असायची. मांड्यांत जोर शिल्लक असायचा, पण सहाव्या रेपला पोटात हवा भरून ती खालपर्यंत धरून ठेवणं जमायचं नाही. श्वास मध्येच सुटायचा, छाती पुढे पडायची आणि सगळा भार कमरेवर यायचा. वहीत लिहिलं जायचं १०, १०, ८, ६. ते वाचून वाटतं वजन जास्त झालं, प्लेट काढायला हवी. खरं तर पाय थकलेले नसायचे, दम पुरत नसायचा. मला हे फार खटकलं.

नाडीकडे वळलो ते यामुळे. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवायची आणि १५ सेकंदांचे ठोके मोजायचे. मानेवर मोजू नये, तिथे दाब पडला तर नाडी आपोआप मंदावू शकते. हातातल्या स्मार्टवॉचवरही मी फार विसंबत नाही. बार घट्ट धरल्यावर मनगटाचे स्नायू ताणतात, त्यात आकडा भरकटतो किंवा मागे राहतो. छातीचा पट्टा असेल तर उत्तम.

बरेच जण ‘नाडी ११० वर आली की सुरू’ असा नियम करतात. मला तो पटला नाही, कारण व्यायाम पुढे सरकतो तशी नाडी एकूणच वर राहते. उकाड्यात तर जास्तच, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि घामाने पाणीही कमी होतं. चौथ्या सेटआधी ११० ची वाट बघत बसलात तर पाय गार पडतील. त्यापेक्षा नाडी किती वेगाने उतरतेय ते बघावं. सेट संपल्यावर ती आधी झपाट्याने खाली येते, मग उतार मंदावतो. समजा बार रॅकवर ठेवताच १५ सेकंदांत ३९ ठोके मिळाले. मिनिटाने ३२, दीड मिनिटाने ३०, दोन मिनिटांनी २९. लागोपाठच्या दोन मोजण्यांत एखाद्याच ठोक्याचा फरक उरला की उतार सपाट झाला, बारखाली जायला हरकत नाही. तिसऱ्या सेटनंतर हाच टप्पा यायला तीन मिनिटं लागतील आणि तिथला आकडा ३१ असेल, तरी चालेल. असं केल्यापासून माझा चौथा सेट सहसा ८ च्या खाली जात नाही. हा माझा अनुभव, प्रयोगशाळेतलं माप नव्हे.

नाडीची मर्यादा मात्र मोठी आहे. जड वजनाच्या ३ रेप्समध्ये हृदयाला फार काम पडत नाही, त्यामुळे नाडी लवकर बसते. पण स्नायूंना झटपट ऊर्जा देणाऱ्या फॉस्फोक्रिएटिनचा साठा जवळपास पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं लागतात, आणि ते नाडीवरून कळत नाही. तिथे घड्याळच हवं. कर्ल्सलाही तेच, कारण तिथे नाडी मुळात फारशी चढतच नाही. आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर ठोक्यांवर अवलंबून राहूच नये, औषधच त्यांना दाबून ठेवतं.

कोणाला घड्याळाची शिस्त मानवत असेल तर त्याने ती मोडावी असं मी म्हणणार नाही. ८-१० रेप्सच्या स्क्वॉटला किंवा रोमानियन डेडलिफ्टला मात्र मी बोटं मनगटावरच ठेवतो आणि घड्याळाकडून फक्त दोन हद्दी घेतो. उतार लवकर सपाट झाला तरी २ मिनिटांच्या आत सुरू करत नाही. आणि ५ मिनिटं झाली तरी ठोके घसरतच असतील, तर त्या दिवशीचा शेवटचा सेट वजन कमी करून घेतो.