क्लबची स्कोअरबुक, आठ महिन्यांनंतर: टोटल लागते तरी चूक राहते

ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावला आणि कॅप्टनने सांगितलं, बसून राहायचंच आहे तर वही घे. तेव्हापासून रविवारचं स्कोअरिंग माझ्याकडे आहे, बहुतेक आझाद मैदानात, कधी क्रॉस मैदानात. वही धोबी तलावच्या एका दुकानातून घेतलेली साधी छापील स्कोअरबुक. आता जून सुरू झालाय आणि तीनच मॅचची पानं उरलीत, म्हणून लिहितोय.

आधी वहीबद्दल. बाइंडिंग टिकलं, कागद पातळ आहे, आणि बोलरच्या एका ओव्हरची चौकट नखाएवढी. सहा बॉलला पुरते, पण आठ बॉलची ओव्हर झाली की दोन बॉल समासात लिहावे लागतात. पेन वापरू नका, पहिल्याच सरीत माझं अर्धं पान निळं झालं. (कांगा लीगवाले १९४८ पासून मुद्दाम पावसात खेळतात, त्यांच्या स्कोअरर्सना माझा साष्टांग नमस्कार.) टोकदार पेन्सिल, खोडरबर, आणि प्रत्येक बोलरला वेगळा रंग, म्हणजे बॅट्समनच्या ओळीतला कुठला चौकार कुणाच्या बोलिंगवर हे नुसतं बघून कळतं.

मी समजायचो की स्कोअरिंग म्हणजे रन मोजणं. तसं नाही, प्रत्येक बॉल दोन ठिकाणी लिहायचा असतो, एकदा बॅट्समनच्या ओळीत आणि एकदा बोलरच्या चौकटीत, आणि एक्स्ट्रा असेल तर तिसऱ्या जागीही. डॉट बॉलचा ठिपकासुद्धा दोन्हीकडे, कारण बॅट्समन किती बॉल खेळला ते त्या ठिपक्यांवरूनच मोजतात. मग शेवटी दोन बेरजा. बॅट्समनचे रन अधिक सगळे एक्स्ट्रा बरोबर टोटल. आणि बोलर्सनी दिलेले रन अधिक बाय आणि लेग बाय बरोबर तीच टोटल. वाइड आणि नो बॉल बोलरच्या नावावर चढतात, बाय आणि लेग बाय चढत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या बेरजेत वेगळे धरावे लागतात. पहिले दोन महिने माझी दुसरी बेरीज कधी एकदा लागली असेल तर शपथ.

आता ती ओव्हर सांगतो जिच्यामुळे आमचा ओपनर अजून माझ्याशी धड बोलत नाही. सतरावी ओव्हर, आम्ही ८३ ला ३, ओपनर ४८ वर. समोर डावखुरा स्पिनर, त्याच्या आधीच्या चार ओव्हरमध्ये १८ रन, १ विकेट.

पहिला बॉल डॉट. दुसऱ्यावर ओपनरची सिंगल, ८४, तो ४९. तिसरा वाइड, कीपरच्या हातून सुटला आणि दोघं एक पळाले. इथे नवीन माणूस हमखास चुकतो. वाइडवर पळालेला रन बाय नाही, दोन्ही वाइडच, दोन्ही बोलरच्या नावावर. चौकटीत अधिकचं चिन्ह काढायचं आणि पळालेल्या रनसाठी त्याच्या कोपऱ्यात एक टिंब. ८६. ओव्हरमधला बॉल मोजला जात नाही आणि बॅट्समनचाही नाही, पण एक पळाल्यामुळे ओपनर परत स्ट्राइकवर आला.

पुढचा बॉल पॅडला लागून फाइन लेगला गेला, एक रन. नेमका तेव्हा बाजूच्या मॅचचा बॉल आमच्या पिचपर्यंत घरंगळत आला, अंपायर त्याला हात करत होते, आणि मी तेवढ्यात ओपनरला १ लिहून मोकळा. ८७, ओपनर ५०! तंबूतून आरडाओरड, त्याने बॅट वर केली. शेजारी समोरच्या टीमचे स्कोअरर काका बसले होते, वीसेक वर्षं हेच करतायत, ते हळूच म्हणाले, "बाळा, माझ्याकडे एकोणपन्नास आहेत. लेग बाय दिलाय. ओव्हर संपू दे, मग बघू." अंपायरनी गुडघा वर करून थोपटला होता, उशिरा, आणि काकांनी हात वर करून तो सिग्नल घेतलाही होता. मी खाली बघत होतो.

पाचवी डिलिव्हरी नो बॉल, आणि दुसऱ्या बॅट्समनने त्यावर दोन काढले. गोल काढून आत २. बॅट्समनला २, नो बॉलचा १, बोलरवर ३, टोटल ९०. नो बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत, पण बॅट्समनने खेळलेला बॉल म्हणून मोजतात, हे मला कितीतरी महिने माहीत नव्हतं. मग पुढच्या बॉलवर तो कॅच आउट, ९० ला ४. नवीन आलेल्याचा एक डॉट. शेवटच्या बॉलवर त्याने एक काढला, दुसऱ्यासाठी धावले आणि ओपनर रन आउट. पूर्ण झालेला एक रन मिळतो, ९१ ला ५. रन आउटची विकेट बोलरची नाही, त्याच्या चौकटीत फक्त १.

ओव्हर संपल्यावर मी ओरडलो "एक्क्याण्णव पाच", काकाही "एक्क्याण्णव पाच". टोटल जुळली ना! पण प्रत्येक ओव्हरखाली बोलरचा तोपर्यंतचा हिशोब लिहायचा असतो, तिथे माझ्याकडे २६ ला २ आणि काकांकडे २५ ला २. म्हणजे चूक याच ओव्हरमध्ये. विकेट पडली होती, नवा माणूस यायला वेळ होता, मी बाउंड्रीवरून विचारलं, अंपायर म्हणाले लेग बायच. मी ओपनरचा १ खोडला, लेग बायच्या रकान्यात उलटा त्रिकोण काढला, बोलरचे या ओव्हरचे ८ चे ७ केले. ओपनर ४९ वर आउट. त्याला सांगायला मलाच जावं लागलं.

गंमत म्हणजे माझ्या वहीत काहीच बिघडलेलं दिसलं नसतं. मी तो रन बॅट्समनलाही दिला आणि बोलरवरही टाकला, त्यामुळे दोन्ही बेरजा ९१ च आल्या असत्या. बेरीज तेव्हाच बोंब मारते जेव्हा तुम्ही एकीकडे लिहिता आणि दुसरीकडे विसरता, म्हणजे लेग बाय एक्स्ट्रात लिहिलाय आणि चुकून बोलरवरही टाकलाय, किंवा वाइडचे दोन आणि बोलरवर एकच. दोन्हीकडे सारखं चुकलं तर फक्त दुसरी वही सांगते. एक रन चुकीच्या बॅट्समनला गेला तरी तेच, तो मी स्ट्राइकवरून पकडतो. विषम रन पळाले की समोरचा स्ट्राइकवर येतो, ओव्हर संपली की परत बदल, आणि माझ्या वहीप्रमाणे ज्याने खेळायला हवं तो खेळत नसेल तर मी मागचे दोन-तीन बॉल तपासतो.

मेडनबद्दल एक. सहा डॉट रेषेने जोडून एम काढायला मला फार आवडतं, पण ओव्हरमध्ये नुसते बाय किंवा लेग बाय गेले तरी ती मेडनच राहते, आणि मी डिसेंबरपर्यंत आमच्याच मीडियम पेसरच्या तीन मेडन खाल्ल्या होत्या. त्याने मोजल्या होत्या.

फोनवरचं अ‍ॅपही वापरून बघितलं, बेरजा आपोआप होतात, पण ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही आणि मागचा बॉल दुरुस्त करेपर्यंत पुढचे दोन होऊन जातात. पुढची वही घेताना आठ बॉलची चौकट असलेली बघणार आहे. काका म्हणतात तशी मिळत नाही, ते स्वतः प्रत्येक चौकटीच्या खाली पेन्सिलीने एक जादा रेघ आखून आणतात, शनिवारी रात्री, घरी बसून.